कार्ड दार उघडतं, पण माणूस ओळखतं का?



आमच्याकडे सायबर सुरक्षेचा पायाभूत अभ्यासक्रम चालतो. त्यात 'भौतिक सुरक्षा' नावाचा धडा आहे. कुलूप, कुंपण, कॅमेरा, ओळखपत्र अशी यादी असल्यामुळे मुलं तो वाचून टाकतात आणि परीक्षेत चार मुद्दे लिहून मोकळी होतात. मीही पहिली दोन वर्षं तो तसाच उरकला. मग एकदा वर्गात एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या सोसायटीचा टॅग किल्लीवाल्याने पाच मिनिटांत डुप्लिकेट करून दिला. मग त्या सिस्टीमचा उपयोग काय?"

त्याच आठवड्यात पालकसभेत एका आईंनी विचारलं होतं, "मुलीला पुढच्या वर्षी बाहेरगावी हॉस्टेलवर ठेवायचंय. तिथे कार्ड सिस्टीम आहे म्हणतात. मग काळजी नाही ना?"

या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. कार्ड लावल्यावर दार नेमकं काय तपासतं, हे समजलं की ते उत्तर मिळतं. म्हणून आता मी हा धडा यादीने सुरू करत नाही. फळ्यावर दाराचे चार प्रश्न लिहिते: नंबर कोणता? कार्ड अस्सल आहे का? माणूस तोच आहे का? आणि आत किती माणसं शिरली? साधं दार फक्त पहिला प्रश्न विचारतं. डेटा सेंटरला चारही विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : नंबर कोणता?

सोसायटीच्या गेटवर किंवा क्लासच्या हजेरीला वापरतात तो निळा थेंबासारखा टॅग किंवा जाडसर पांढरं कार्ड बहुतेक वेळा १२५ किलोहर्ट्झ प्रकारातलं असतं. त्यात बॅटरी नसते. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक छोटी चिप असते. रीडरजवळ नेलं की रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून त्या वेटोळ्यात वीज तयार होते, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगू लागते. क्षेत्रात असेपर्यंत तोच नंबर पुन्हा पुन्हा सांगत राहते. समोर गेटचा रीडर आहे, किल्लीवाल्याचं यंत्र आहे की कुणाच्या पिशवीत लपवलेला रीडर आहे, हे ती विचारत नाही. विचारण्याची सोयच तिच्यात नाही.

हजेरी घेताना नुसतं "सतरा नंबर!" म्हटल्यावर मागून कुणीतरी "हजर!" ओरडतं आणि आपण मान वर न करता बरोबरची खूण करतो, तसंच हे. मित्राची हजेरी लावणाऱ्या मुलांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

तुमच्या घरात असा टॅग असेल तर तो हातात घ्या. पुष्कळ टॅगवर आणि कार्डांवर आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ:

```
0002950354   045,01234
```

हे दोन वेगळे नंबर वाटतात, पण नंबर एकच आहे. ४५ ला ६५,५३६ ने गुणा, म्हणजे २९,४९,१२० येतात. त्यात १,२३४ मिळवा. उत्तर येतं २९,५०,३५४, म्हणजे डावीकडचाच आकडा. (काही टॅगवर डावीकडचा आकडा याहून मोठा असतो, कारण त्यात पुढचे आणखी बिट धरलेले असतात.) ६५,५३६ म्हणजे २ चा १६ वा घात. उजवीकडचा पाच आकडी भाग १६ बिटांचा आणि तीन आकडी भाग ८ बिटांचा असतो. मुलांना बायनरी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. घरचा टॅग आणायला सांगा, यंत्र काही लागत नाही.

रीडर हा नंबर पुढे दार चालवणाऱ्या पेटीकडे, म्हणजे कंट्रोलरकडे पाठवतो. जुन्या आणि अजूनही भरपूर वापरात असलेल्या 'वीगँड' पद्धतीत तो २६ बिटांत जातो:

```
0 00101101 0000010011010010 0
```

मधले ८ बिट म्हणजे ४५, त्यापुढचे १६ बिट म्हणजे १,२३४. दोन्ही टोकांचा एकेक बिट पडताळणीचा. पहिला बिट असा ठरवतात की त्याच्यासह पहिल्या १३ बिटांतल्या एकांची संख्या सम यावी, आणि शेवटचा असा की त्याच्यासह शेवटच्या १३ बिटांतली संख्या विषम यावी. मोजून पाहा: पहिल्या अर्ध्यात चार वेळा १ आहे, दुसऱ्यात पाच वेळा.

इथे मी मुलांना थांबवून विचारते, "या दोन बिटांमुळे कार्ड सुरक्षित झालं का?" निम्मा वर्ग 'हो' म्हणतो. खरं तर हे बिट तारेतून जाताना आकडा चुकला का एवढंच पाहतात. मुद्दाम केलेली नक्कल त्यांना कळत नाही, कारण नकली कार्डातले बिटही बरोबरच असतात. चूक पकडणं आणि चोर पकडणं ही दोन वेगळी कामं आहेत. या धड्यातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुरे.

किल्लीवाला काय करतो, तेही आता उघड आहे. त्याचं यंत्र तुमच्या टॅगचा नंबर ऐकतं आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या कोऱ्या टॅगवर तोच लिहितं. दारासाठी दोन्ही टॅग अगदी सारखे. नोंदवहीतही दोन्हींच्या नावापुढे तुमचंच नाव येतं. म्हणजे नक्कल झाल्याचं दाराला कळत नाही, पण नोंदी वाचणाऱ्या माणसाला कळू शकतं. एकच कार्ड ९ वाजून २ मिनिटांनी आत गेलं, बाहेर पडल्याची नोंद नाही आणि ९ वाजून ४० मिनिटांनी पुन्हा आतच गेलं, तर काहीतरी गडबड आहे. हीच तपासणी यंत्राकडे सोपवली की तिला 'अँटी-पासबॅक' म्हणतात: बाहेर पडल्याची नोंद झाल्याशिवाय तेच कार्ड पुन्हा आत घ्यायचं नाही. यासाठी बाहेर पडतानाही कार्ड लावावं लागतं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना नुसतं बटण, अशा दारावर हा उपाय चालत नाही.

दुसरा प्रश्न : कार्ड अस्सल आहे का?

नंबर ऐकता येतो आणि त्याची नक्कल होते. मग कार्डाला काही गुपित द्यावं, असं कुणालाही सुचेल. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या 'मायफेअर क्लासिक' कार्डात तसं होतं. ४८ बिटांची किल्ली होती आणि 'क्रिप्टो-१' नावाची सांकेतिक पद्धत होती. ही पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि नेदरलँड्सच्या सार्वजनिक वाहतुकीच्या कार्डात हीच चिप होती. इमारतींच्या दारांवरही ती जगभर लागली होती.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी दाखवलं की चिपचे थर एकेक करून खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढून आतली पद्धत उलगडता येते. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पूर्ण मोडून दाखवली. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी त्यांचा शोधनिबंध रोखायला न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि निबंध प्रसिद्ध झाला.

मुलं विचारतात, "संशोधकांनी असं करणं बरोबर होतं का?" या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्यावा. मात्र त्यातली तांत्रिक शिकवण वादातीत आहे. पद्धत गुप्त आहे यावर सुरक्षा उभी असेल, तर ती गुप्तता एकदाच फुटते आणि सगळ्यांची एकदम फुटते. पद्धत उघड असावी, तज्ज्ञांनी ती तपासलेली असावी आणि गुप्त असावी ती फक्त किल्ली. ऑगस्ट कर्कहॉफ यांनी हे १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं.

आजची चांगली कार्डं, उदाहरणार्थ मायफेअर डेसफायर, एईएस ही उघड आणि जगभर तपासली गेलेली पद्धत वापरतात. त्यात दार आणि कार्ड यांच्यात असा संवाद होतो. रीडर दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या पाठवतो. कार्ड आपल्या पोटातल्या किल्लीने तिच्यावर प्रक्रिया करून उत्तर देतं. रीडरकडेही किल्ली असते, त्यामुळे तो उत्तर पडताळतो. किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही. कुणी आजचं उत्तर चोरून ऐकलं तरी उद्या प्रश्नच वेगळा असतो, म्हणून ते उत्तर वाया जातं. पाढा पाठ म्हणून दाखवणं आणि फळ्यावर नवं गणित सोडवून दाखवणं, यात जो फरक, तोच इथे आहे.

आता कुठे घसरतं ते पाहू. महागडी कार्डं घेतली जातात, पण बसवणारा माणूस सोय म्हणून रीडरला फक्त कार्डाचा ओळखक्रमांक, म्हणजे यूआयडी, वाचायला लावतो. हा क्रमांक कार्ड कुणालाही उघडपणे सांगतं. म्हणजे गणित सोडवू शकणाऱ्या मुलाला आपण फक्त हजेरी क्रमांक विचारला! यूआयडी बदलता येणारी कोरी कार्डं मिळतात, त्यामुळे त्याचीही नक्कल होते. दुसरी चूक म्हणजे कारखान्यातून आलेली किल्ली न बदलणं. तिसरी म्हणजे नवी कार्डं वाटल्यावरही "जुनी चालू राहू देत" म्हणून रीडरवर दोन्ही प्रकार सुरू ठेवणं. मग चोर जुन्याचीच नक्कल करतो. आणि चौथी जागा भिंतीत असते. कार्ड आणि रीडर यांचं बोलणं सांकेतिक असलं, तरी रीडरपासून कंट्रोलरपर्यंतच्या तारेत वर दाखवलेले २६ बिट उघडेच धावत असतील, तर रीडर खोलून ती तार ऐकता येते. यासाठी 'ओएसडीपी' ही नवी पद्धत आहे. तिचा सुरक्षित पर्याय सुरू केला की तारेतलं बोलणंही सांकेतिक होतं. तो सुरू करायचा राहिला, तर तिथेही पहिले पाढे पंचावन्न.

तिसरा आणि चौथा प्रश्न : माणूस तोच का, आणि किती?

समजा कार्डाची नक्कल होऊच शकत नाही. तरी ते चोरता येतं, उसनं देता येतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, दोन्ही हातांत खोकी घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "दादा, जरा दार धरता का?" आपल्याकडे अशा वेळी दार न धरणं उद्धटपणा समजला जातो. एका कार्डावर दोन माणसं आत जाण्याला 'टेलगेटिंग' म्हणतात. कार्ड कितीही पक्कं असलं तरी हे थांबत नाही, कारण दार एकदा उघडलं की ते माणसं मोजत नाही.

म्हणून मॅनट्रॅप. नावात सापळा आहे, पण ही फक्त दोन दारांची छोटी खोली असते. नव्या अभ्यासक्रमांत तिला 'अ‍ॅक्सेस कंट्रोल व्हेस्टिब्यूल' असंही म्हणतात, मुलांना दोन्ही शब्द सांगून ठेवा. नियम साधा आहे: एक दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

ऐरोली, महापे, रबाळे या भागात आता बरीच डेटा सेंटर्स आहेत. तशा ठिकाणी हार्ड डिस्क बदलायला येणाऱ्या इंजिनीअरचा प्रवास साधारण असा होतो. त्याची भेट आदल्या दिवशी नोंदलेली असते: कोण, कुठल्या कामाला, किती ते किती वाजेपर्यंत. गेटवर फोटोचं ओळखपत्र पाहतात आणि त्या नोंदीशी ताडतात. त्याला मिळणारं कार्ड ठरावीक दारांपुरतं आणि ठरावीक वेळेपुरतंच चालतं. मॅनट्रॅपचं पहिलं दार तो कार्डाने उघडतो, आत येतो आणि मागचं दार बंद होतं. आता खोलीत तो एकटा असायला हवा. छतावरचा सेन्सर डोकी मोजतो, किंवा जमिनीतला काटा वजन पाहतो. मग तो बोट, तळहात किंवा डोळ्याची बुबुळं दाखवतो. ती कार्डाच्या मालकाशी जुळली, तरच दुसरं दार उघडतं. पुढे सर्व्हरच्या दालनात त्याच्या कंपनीचा जाळीचा पिंजरा आणि त्यातल्या कपाटाचं कुलूप, हे अजून उरलेलंच असतं.

चारही प्रश्न कुठे विचारले गेले, ते मुलांना या गोष्टीतून शोधायला सांगा. पटकन सापडतात.

यालाही मर्यादा आहेत. समजा वजनाची मर्यादा १४० किलो ठेवली. ५५ आणि ६० किलोच्या दोन व्यक्ती मिळून ११५ होतात, म्हणजे काट्याला काहीच खटकत नाही. उलट ९५ किलोचा एकटा इंजिनीअर ५० किलोचं यंत्र घेऊन आला तर १४५ होतात आणि तो अडकतो. म्हणून नुसत्या वजनावर विसंबत नाहीत. शिवाय मोठं सामान या खोलीतून जातच नाही, त्यासाठी मागे मालाचं दार असतं. पुढे बुबुळं तपासायची आणि मागचं दार ट्रक आल्यावर तासभर उघडं ठेवायचं, असं झालं तर सगळं व्यर्थ. मालाच्या खोलीलाही तोच दोन दारांचा नियम लावावा लागतो. भिंतही दाराइतकीच पक्की हवी आणि ती आढ्याच्या वर, खऱ्या छतापर्यंत गेलेली हवी. नाहीतर फॉल्स सीलिंगचा एक पत्रा सरकवून वरून उतरता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आग लागली तर? वर्गात हा प्रश्न मुलांनाच सुचतो. चुंबकीय कुलूप वीज असेपर्यंतच बंद राहतं. वीज गेली की उघडतं. याला 'फेल-सेफ' म्हणतात. दुसऱ्या प्रकारचं कुलूप वीज गेल्यावर बाहेरच्या बाजूने बंदच राहतं, ते 'फेल-सिक्युअर'. पण त्यातही आतल्या माणसाला मूठ फिरवून बाहेर पडता आलं पाहिजे. आत येणं अवघड करा, बाहेर पडणं कधीच नाही, हा नियम सामानापेक्षा माणसाचा जीव मोठा म्हणून आहे. चोरही याच बाजूने डोकं लावतो, म्हणून आपत्कालीन दार उघडताच अलार्म वाजायला हवा.

कडक बंदोबस्ताची किंमतही असते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक काही तास जगभर बंद पडलं. दुरुस्तीसाठी इंजिनीअरना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं, आणि त्या जागा शिरायला अवघड बनवलेल्या असल्यामुळे वेळ जास्त गेला, असं कंपनीनेच नंतर लिहिलं. नेटवर्क बंद पडल्यावर दार कोण आणि कसं उघडणार, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

वर्गात करून पाहा

खडूने जमिनीवर एक चौकोन आखा. दोन मुलं 'दारं' होतात, एक 'काटा' आणि एक 'नोंदवही'. बाकीचे एकेक करून आत जायचा प्रयत्न करतात. दारांना एकच सूचना: समोरचं दार बंद दिसल्याशिवाय उघडायचं नाही. पाच मिनिटांत कुणीतरी मित्राच्या पाठीला चिकटून शिरतो, कुणी "मॅडमनी बोलावलंय" म्हणून दाराला भुलवतो, आणि कुणीतरी "आग! आग!" ओरडतो. त्या त्या वेळी थांबून विचारा, दाराने कुठला प्रश्न विचारायचा राहिला? फळ्यावर चार प्रश्न लिहिलेले असतातच.

आणि त्या आईंचा प्रश्न

मी त्यांना हॉस्टेल पाहायला जाताना तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. कार्डावर नंबर छापलेला आहे का, आणि नवं कार्ड देताना तोच टाइप करून नोंदवतात का? कार्ड हरवलं तर जुनं त्याच दिवशी बंद होतं का? आणि आज हॉस्टेलमध्ये मुली किती आणि चालू कार्डं किती?

त्या परत आल्या तेव्हा म्हणाल्या, पहिल्या दोन प्रश्नांना वॉर्डनबाईंनी हसून उत्तरं दिली. तिसऱ्याला त्यांनी संगणक उघडला. मुली होत्या चौऱ्याऐंशी आणि चालू कार्डं एकशे सव्वीस. सोडून गेलेल्या मुलींची कार्डं कुणी बंदच केली नव्हती. त्यासाठी नक्कल करायचीही गरज नव्हती.

वॉर्डनबाईंनी त्याच दुपारी यादी काढून जादाची बेचाळीस कार्डं बंद केली. रात्री आठनंतर दारावर माणूस बसतो, तो चेहरा पाहून आत सोडतो, हेही आईंनी स्वतः थांबून पाहिलं. मुलगी आता तिथेच राहते.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा तिसरा प्रश्न विचारून पाहा: घरटी माणसं किती, आणि चालू टॅग किती? आकडे जुळले नाहीत तर काय करायचं, हे तुमच्या घरातली बारावीची मुलं सांगतील.